चौथा उपग्रह कशासाठी लागतो? जीपीएस तुमची जागा कशी काढतं, पायरी पायरीने

जीपीएसचा उपग्रह तुमचा फोन कुठे आहे हे पाहत नाही, आणि फोनही उपग्रहाला काही विचारत नाही. वाहतूक एकाच दिशेची आहे. उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की ‘हा सिग्नल मी अमुक क्षणी सोडला, आणि तेव्हा मी अमुक ठिकाणी होतो.’ बाकीचं सगळं गणित तुमच्या हातातल्या रिसीव्हरने करायचं असतं. सिग्नल सुटल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यातला फरक काढायचा, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, की अंतर मिळतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा ठरते, असं बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं.

खरी अडचण ‘पोहोचल्याची वेळ’ या शब्दांत आहे. ती वेळ कोणत्या घड्याळात बघायची? प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकतं आणि एका मिलिसेकंदाने ३०० किलोमीटरने. उपग्रहात अणुघड्याळ असतं. फोनमध्ये मात्र साधा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. दहा लाखात एक भाग इतकाच तो चुकतो असं धरलं, तरी दर सेकंदाला एक मायक्रोसेकंद सरकतो. म्हणजे फोनच्या घड्याळावर भरवसा ठेवला तर दर सेकंदाला अंतरात ३०० मीटरची भर पडत जाईल. तरीही फोन तुम्हाला चार-पाच मीटरांत शोधतो. हे कसं जमतं, ते इथे आकडे घेऊन बघू. उदाहरणं जीपीएसची आहेत. गॅलिलिओ, ग्लोनास, बायडू आणि नाविक या अशाच दुसऱ्या यंत्रणांचे सिग्नल आणि कक्षा वेगळ्या आहेत, पण हिशेबाचं तत्त्व हेच.

पायरी १: सिग्नल पोहोचल्याचा क्षण पकडणे

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. तिथून निघालेला सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की तो रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाच्याही खाली बुडालेला असतो. नुसता लहरींचा आलेख काढला तर त्यात उपग्रह दिसणारच नाही.

तो सापडतो तो त्याच्या कोडमुळे. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर प्रत्येक उपग्रह ० आणि १ यांची स्वतःची ठरलेली माळ पाठवतो. माळेत १०२३ मणी असतात, त्यांना चिप म्हणतात, आणि पूर्ण माळ बरोबर एका मिलिसेकंदात संपून पुन्हा सुरू होते. रिसीव्हरला सगळ्या उपग्रहांच्या माळा पाठ असतात. तो तीच माळ स्वतः तयार करतो आणि आलेल्या सिग्नलवर ठेवून थोडी थोडी पुढे सरकवत जातो. ० ला +१ आणि १ ला −१ मानून दोन्ही माळांतले समोरासमोरचे मणी गुणले, तर माळा जुळत नाहीत तोवर त्या गुणाकारांची बेरीज शून्याच्या आसपास घुटमळते. बरोबर जुळल्या की सगळे मणी एकाच बाजूने भर घालतात आणि गोंगाटातून एक टोकदार शिखर वर येतं. हे शिखर जिथे आलं, तो सिग्नल पोहोचल्याचा क्षण.

एका चिपची लांबी अंतरात मोजली तर २९३ मीटर होते. पण शिखराच्या डाव्या आणि उजव्या उताराची उंची सारखी होईपर्यंत माळ सरकवता येते, त्यामुळे चिपच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे काही मीटरांपर्यंत, बारकाई साधते. यात आणखी एक शोध घ्यावा लागतो. उपग्रह तुमच्याकडे येत असतो किंवा दूर जात असतो, त्यामुळे वारंवारता सुमारे ५ किलोहर्ट्झपर्यंत वरखाली सरकलेली असते. क्वार्ट्झची चूक त्यात मिसळते. म्हणून रिसीव्हर वेळ आणि वारंवारता असा दोन्ही अंगांनी जाळं टाकतो. फोन बराच वेळ बंद राहिल्यावर पहिल्यांदा जागा दाखवायला वेळ लागतो, त्याचं एक कारण हे.

पायरी २: सिग्नल सुटल्याची वेळ वाचणे

माळ दर मिलिसेकंदाला तीच असते, त्यामुळे नुसत्या जुळवणीतून ‘मिलिसेकंदाच्या आतली’ वेळ कळते. कितवा मिलिसेकंद, ते कळत नाही. ते सांगणारी माहिती याच सिग्नलवर, सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने येते. तिचे सहा-सहा सेकंदांचे भाग असतात आणि प्रत्येक भागात आठवड्यातली वेळ लिहिलेली असते. उपग्रहाची अचूक कक्षा आणि त्याच्या घड्याळाची दुरुस्ती पहिल्या तीन भागांत येते, आणि हे सगळं दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवलं जातं. म्हणून इंटरनेट नसलेल्या, बराच वेळ बंद राहिलेल्या रिसीव्हरला मोकळ्या आकाशाखालीही साधारण अर्धा मिनिट लागतो. वाचन मध्येच तुटलं तर पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. फोन ही कक्षांची माहिती नेटवरून उचलतो, म्हणून तो काही सेकंदांत तयार होतो.

पायरी ३: उपग्रहाचं घड्याळ सुधारून घेणे

अणुघड्याळ म्हणजे काटेकोर जुळवलेलं घड्याळ, असा समज असतो. तसं नाही. त्याची चाल स्थिर असते, पण ते जीपीएसच्या प्रमाणवेळेपेक्षा शेकडो मायक्रोसेकंद पुढेमागे असू शकतं. त्याला हात लावत बसण्यापेक्षा जमिनीवरची केंद्रं ते किती सरकलंय हे मोजतात आणि तो आकडा उपग्रहाकडूनच प्रसारित करवतात. स्वतः प्रोग्राम लिहिणारा नवखा माणूस ही दुरुस्ती विसरला तर त्याची अंतरं दहा-दहा किलोमीटरने चुकतात. वाईट म्हणजे प्रत्येक उपग्रहासाठी चूक वेगळी असते. उत्तर शेजारच्या जिल्ह्यात आलं, तर आधी इथे बघावं.

सापेक्षतावादाचा भागही इथलाच. वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून उपग्रहाचं घड्याळ रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं. वेगामुळे ते ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. निव्वळ फरक रोज ३८ मायक्रोसेकंद. म्हणून सोडण्यापूर्वीच घड्याळाची मूळ वारंवारता १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ अशी किंचित कमी ठेवतात. ही काळजी घेतली नसती तर जागा रोज ११ किलोमीटरने चुकली असती, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते तितकंसं बरोबर नाही. मोजलेली अंतरं ११ किलोमीटरने चुकली असती हे खरं, पण सगळ्या उपग्रहांची जवळपास सारखीच. आणि सगळ्यांत सारखी असलेली चूक जागेत शिरत नाही. ती कुठे जाते, हे पाचव्या पायरीत दिसेल.

पायरी ४: स्यूडोरेंज काढणे

आता पोहोचल्याची वेळ (आपल्या चुकीच्या घड्याळातली) वजा सुटल्याची वेळ (सुधारलेली), गुणिले प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रतिसेकंद. येईल त्या आकड्याला स्यूडोरेंज म्हणतात, म्हणजे अंतरासारखं दिसणारं पण आपल्या घड्याळाची चूक पोटात असलेलं कच्चं माप.

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हे स्वतः करून बघता येतं. `GnssLogger` हे अॅप कच्ची मापं फाइलमध्ये लिहून देतं. एका क्षणाच्या ओळी घ्या आणि प्रत्येक जीपीएस उपग्रहासाठी हे करा:

```
tRx = TimeNanos + TimeOffsetNanos - (FullBiasNanos + BiasNanos)
tRxWeek = tRx % 604800000000000
rho = (tRxWeek - ReceivedSvTimeNanos) * 0.299792458
```

`rho` मीटरमध्ये येतो. त्यात तिसऱ्या पायरीतली उपग्रहाच्या घड्याळाची दुरुस्ती अजून धरलेली नसते, ती वेगळी करावी लागते. तो साधारण दोन कोटी ते अडीच कोटींच्या आसपास असायला हवा. तो भलताच आला तर `State` हा रकाना बघा. त्यात १ आणि ८ हे दोन्ही बिट चालू नसतील तर रिसीव्हरने कोड पकडला असेल, पण आठवड्यातली वेळ वाचलेली नाही. मग उत्तर ३००-३०० किलोमीटरच्या उड्या मारतं. स्प्रेडशीटमध्ये हा हिशेब करू नका. `FullBiasNanos` हा १९ अंकी आकडा असतो आणि स्प्रेडशीट १५ अंकच सांभाळते. शेवटचे चार अंक शून्य झाले की अंतर ३ किलोमीटरपर्यंत चुकतं.

पायरी ५: चार समीकरणं सोडवणे

अज्ञात गोष्टी चार आहेत: पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती, वर किती, आणि आपलं घड्याळ किती चुकलंय. चार अज्ञातांना चार मापं हवीत. चौथा उपग्रह लागतो तो घड्याळासाठी.

हाताने सोडवता येईल अशी मांडणी घेऊ. एक उपग्रह बरोबर डोक्यावर. बाकी तीन क्षितिजापासून ३० अंश वर: पहिला उत्तरेला, दुसरा आणि तिसरा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १२० आणि २४० अंशांवर. आपण कुठे असू याचा एक अंदाज धरायचा. उपग्रहांच्या जागा माहीत आहेत, म्हणून त्या अंदाजापासून प्रत्येकाचं अंतर काढता येतं. मोजलेल्या स्यूडोरेंजमधून ते वजा केलं की उरलेला फरक मिळतो. समजा फरक असे आले:

डोक्यावरचा `r0` = ८९,९६०.० मीटर; उत्तरेचा `r1` = ८९,८०६.८; १२० अंशांवरचा `r2` = ८९,९७६.६; २४० अंशांवरचा `r3` = ९०,१५६.६.

चारही आकडे ९० हजारांच्या आसपास आहेत हे लगेच डोळ्यांत भरतं. एकाच वेळी चार वेगवेगळ्या दिशांच्या उपग्रहांपासून आपण ९० किलोमीटर दूर सरकू शकत नाही. तेव्हा हा भाग जागेचा नाही, घड्याळाचा. जागेची माहिती त्यांच्यातल्या बारीक फरकांत आहे.

आता एक साधी गोष्ट: उपग्रहाच्या दिशेने सरकलं की अंतर कमी होतं. डोक्यावरच्या उपग्रहासाठी एक मीटर वर गेलं की अंतर पुरतं एक मीटर घटतं. ३० अंशांवरच्यासाठी एक मीटर वर गेलं तर अर्धा मीटर घटतं, आणि त्याच्या रोखाने जमिनीवर एक मीटर चाललं तर ०.८६६ मीटर घटतं. खालच्या तिघांची सरासरी घेतली की त्यांच्या पूर्व-उत्तर दिशा एकमेकींना खोडून टाकतात आणि फक्त उंची व घड्याळ उरतं. मग उत्तर असं सुटतं:

```
avg = (r1 + r2 + r3) / 3
U = 2 * (avg - r0)
b = r0 + U
N = (avg - r1) / 0.866
E = (r3 - r2) / 1.5
```

सरासरी ८९,९८०. म्हणून उंची `U` = २ × २० = ४० मीटर. घड्याळाची चूक `b` = ९०,००० मीटर, म्हणजे सुमारे ३०० मायक्रोसेकंद. उत्तरेकडे `N` = १७३.२ ÷ ०.८६६ = २०० मीटर. पूर्वेकडे `E` = १८० ÷ १.५ = १२० मीटर. आपण अंदाजापेक्षा २०० मीटर उत्तरेला, १२० मीटर पूर्वेला आणि ४० मीटर वर आहोत. शिवाय फोनचं घड्याळ ३०० मायक्रोसेकंदांनी चुकलंय, हेही त्याच हिशेबातून हाती आलं. क्वार्ट्झ चांगला असण्याची गरजच पडली नाही. चारही मापं एकाच घड्याळावर, एकाच क्षणी घेतलेली असणं, एवढीच अट आहे.

खरा रिसीव्हर हेच करतो, फक्त उपग्रह आडवेतिडवे असल्याने सूत्रांऐवजी मॅट्रिक्स वापरतो. अंदाज फारच दूरचा असेल, अगदी पृथ्वीचं केंद्र धरलं तरी, आलेल्या उत्तराला नवा अंदाज मानून हीच फेरी पुन्हा करायची. चार-पाच फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं. एक मात्र विसरू नका: सिग्नल वाटेत असलेल्या ७० मिलिसेकंदांत पृथ्वी फिरते. विषुववृत्तावर जमीन तेवढ्यात सुमारे ३२ मीटर पूर्वेला जाते. उत्तर नेहमी पूर्व-पश्चिम रेषेवरच वीस-तीस मीटरने सरकलेलं येत असेल, तर ही दुरुस्ती राहिली आहे.

चुका कुठे शिरतात

वरची सूत्रं हाताशी आहेत, तर त्यांच्यात चुका घालून बघू. नुसतं वाचण्यापेक्षा याने जास्त समजतं.

चारही मापांत ५ मीटर वाढवा. `avg` आणि `r0` सारखेच वाढले, म्हणून उंची, उत्तर, पूर्व काहीच बदललं नाही. फक्त `b` ५ मीटरने वाढला. सापेक्षतावादाचे ११ किलोमीटर आणि स्प्रेडशीटमधले ३ किलोमीटर इथेच जिरतात. घड्याळाचा अज्ञात हा सगळ्यांच्या सामायिक चुकीचा निचरा आहे.

आता आयनोस्फिअर घ्या. वातावरणाच्या वरच्या थरातले सुटे इलेक्ट्रॉन सिग्नलला उशीर करतात. डोक्यावरच्या उपग्रहाला ५ मीटर उशीर झाला तर ३० अंशांवरच्यांना वाट तिरकी पडल्यामुळे साधारण ९ मीटर होतो. `U` मध्ये २ × (९ − ५) = ८ मीटरची चूक आली, आडव्या जागेत शून्य. उंची नेहमी जास्त वाईट का येते, ते इथे उघड होतं. खालून सिग्नल देणारा उपग्रह नसतो, कारण मध्ये पृथ्वी आहे. त्यामुळे उंची आणि घड्याळ यांना एकमेकांपासून वेगळं करायला फक्त वरच्या आणि खालच्या उपग्रहांमधला फरक उरतो. आयनोस्फिअरवर उपाय म्हणजे दोन वारंवारता. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झवरची मापं शेजारी ठेवली की उशीर मोजून काढता येतो. एकाच वारंवारतेच्या रिसीव्हरला उपग्रहाने पाठवलेल्या ढोबळ नमुन्यावर भागवावं लागतं, आणि तो साधारण अर्धीच चूक काढतो.

तिसरी चूक सर्वांत त्रासाची. उत्तरेचा उपग्रह इमारतीमागे झाकला गेला आणि त्याचा सिग्नल समोरच्या भिंतीवरून परतून ४० मीटर जास्तीचा प्रवास करून आला. `r1` मध्ये ४० मिळवा. `avg` १३.३ ने वाढतो, उंची २६.७ मीटरने वर जाते, आणि `N` ३०.८ मीटरने घटतो. नकाशावर तुम्ही शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसता.

हे ओळखायचं कसं? चारच उपग्रह असतील तर ओळखता येत नाही. चार अज्ञात आणि चार समीकरणं नेहमी तंतोतंत जुळतात, मग मापं खोटी का असेनात. पाचवा उपग्रह आला की मात्र चोरी उघडी पडते. समजा तो दक्षिणेला ६० अंशांवर आहे. खऱ्या जागेवरून त्याचा फरक ९०,०६५.४ यायला हवा, आणि तेवढाच मोजला जातो. बिघडलेल्या उत्तरावरून हिशेब केला तर ९०,०५३.५ येतो. १२ मीटरचा हा मेळ न बसणं म्हणजे पाचांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते सांगायला सहावा लागतो: एकेकाला बाहेर ठेवून सोडवायचं, आणि ज्याला वगळल्यावर बाकीचे जुळतात तो दोषी.

कच्च्या मापांतही खूण मिळते. `Cn0DbHz` म्हणजे सिग्नलची ताकद. मोकळ्या आकाशात उंचावरचा उपग्रह फोनवर साधारण ४० च्या आसपास दिसतो. नकाशाप्रमाणे उंचावर असलेला उपग्रह २५ वर आला, किंवा तुम्ही स्थिर असताना त्याची ताकद लाटेसारखी वरखाली होत राहिली, तर तो परतून आलेला सिग्नल असण्याची शक्यता मोठी. असा उपग्रह हिशेबातून काढा, पण उरलेले सगळे आकाशाच्या एकाच पट्ट्यात तर नाहीत ना, हे बघूनच. चारही एकाच बाजूला असतील तर मापं कितीही चांगली असोत, फरक इतके सारखे येतात की दोन-तीन मीटरच्या चुकीचे वीस-तीस मीटर होतात.

आणि वेळ

`b` वजा केला की रिसीव्हरच्या हाती जीपीएसची वेळ येते, तीही काही दहा नॅनोसेकंदांच्या आत. मोबाइलचे टॉवर आणि वीजजाळी अशा रिसीव्हरचा उपयोग जागेसाठी नाही, घड्याळ म्हणूनच करतात. पण जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून मिळवले जाणारे लीप सेकंद जीपीएसच्या वेळेत नसतात. १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि हा फरक उपग्रहाच्या संदेशातून वेगळा वाचावा लागतो. नुकत्या चालू झालेल्या रिसीव्हरवर वेळ बरोबर पूर्ण सेकंदांनी चुकलेली दिसली, तर हा संदेश अजून आलेला नाही. तो १२.५ मिनिटांच्या मोठ्या चक्रात एकदाच येतो, तेव्हा तेवढं थांबा. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना या दुरुस्तीच्या आकड्यांत १३.७ मायक्रोसेकंदांची चूक शिरली आणि अनेक उपग्रहांनी ती प्रसारित केली. वेळेवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये धोक्याच्या सूचना वाजू लागल्या. त्याच वेळी त्याच उपग्रहांवर रस्ता शोधणाऱ्यांची जागा मात्र अचूकच येत राहिली, कारण जागेच्या हिशेबात तो आकडा वापरलाच जात नाही.